दहा बाय दहाच्या खोलीला कोणता रंग द्यावा? शेड कार्ड उघडण्याआधीची तयारी

रंगाच्या दुकानात गेल्यावर काउंटरवर सगळ्यात आधी शेड कार्ड येतं. घरातले दोघं-तिघं त्यावर वाकतात, कुणाला पिस्ता आवडतो, कुणाला पीच, आणि अर्ध्या तासात खोलीचा रंग ठरतो. मोठ्या हॉलमध्ये असं चालून जातं, कारण तिथे भिंती एकमेकींपासून लांब असतात आणि रंग थोडा चुकला तरी खोली तो पोटात घेते. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये तसं होत नाही. तिथे खिडकी, फरशी, ट्यूबलाइट, लॉफ्टची दारं आणि रंगाची चमक हे सगळं मिळून ठरवतं की खोली मोकळी वाटेल की अंगावर येईल. शेड कार्डाची पाळी या सगळ्यानंतर येते.

नाशिकमध्ये अशा खोल्या खूप आहेत. सिडकोतली रो-हाउसेस, इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याकडचे वन बीएचके, पंचवटीतल्या जुन्या इमारतींमधल्या आतल्या खोल्या. त्यातल्याच एका खोलीचं उदाहरण घेऊन क्रमाने पुढे जाऊ. सिडकोत उत्तमनगरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरची ही बेडरूम आहे. १० बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट. खिडकी एकच, पूर्वेला, पण समोर पाच-सहा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत, तीही गेरूच्या जवळ जाणाऱ्या रंगाची. आत पीच रंगाच्या भिंती, छताखाली फूटभर रुंद तपकिरी पट्टा, गडद लाकडी सनमायक्याची लॉफ्टची दारं आणि एक पांढरी ट्यूब. घरातल्या बाईंचं म्हणणं एवढंच होतं की या खोलीत पंखा चालू असतानाही कोंडल्यासारखं होतं.

पहिली पायरी: भिंत कोरडी आहे का?

हे कंटाळवाणं वाटेल, पण याला पर्याय नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंती आणि गच्चीखालचे स्लॅब पाणी धरतात, आणि दिवाळीच्या घाईत अनेक घरांत त्याच ओलसर भिंतीवर पुट्टी ओढली जाते. पुढच्या पावसाळ्यात पोपडे येतात, खार फुटतो. फिक्या रंगावर ओलीचा डाग लपत नाही, आणि आपण तर फिक्याच रंगाकडे जाणार आहोत.

शंका असेल तिथे हातभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, बाष्प धरलं असेल तर ओल भिंतीत आहे. अशा वेळी आधी गळती शोधायची, भिंत वाळू द्यायची आणि रंग पुढे ढकलायचा. बाष्प बाहेरच्या बाजूला दिसलं तर तो खोलीतल्या दमट हवेचा प्रश्न आहे, भिंतीचा नाही. नवीन प्लास्टर असेल तर महिनाभर तरी थांबा.

दुसरी पायरी: उजेड कुठून येतो ते पाहा

सकाळी, दुपारी आणि दिवे लागायच्या आधी, असं तीन वेळा खोलीत उभं राहून एक साधा पांढरा छपाईचा कागद भिंतीला धरा. कागद कधी निळसर दिसेल, कधी पिवळसर, कधी चक्क गुलाबी. खोलीत येणाऱ्या उजेडाचा जो रंग आहे, तोच कागदावर दिसतो.

उत्तरेच्या खिडकीतून आपल्याकडे जवळजवळ वर्षभर फक्त आकाशाचा उजेड येतो. उन्हाळ्याच्या आसपास सकाळ-संध्याकाळ जी तिरकी किरणं येतात, तेवढंच थेट ऊन. हा उजेड थंड असतो, त्यामुळे करडा किंवा निळसर पांढरा तिथे उदास दिसतो. तिथे किंचित पिवळी किंवा लालसर झाक असलेला ऑफ-व्हाइट घ्यावा. पश्चिमेच्या खोलीत याच्या उलट. एप्रिल-मे महिन्यांत चारनंतर तिथे केशरी ऊन घुसतं आणि क्रीम रंगसुद्धा तापल्यासारखा दिसतो. अशा खोलीला थोडी करडी झाक सोसते, नव्हे, हवीच असते.

शहरात मात्र दिशेपेक्षा समोरची भिंत जास्त बोलते. आपल्या खोलीची खिडकी पूर्वेची होती, पण सकाळी नऊनंतर आत येणारा बहुतेक उजेड शेजारच्या गेरू भिंतीवरून आपटून येत होता. कागद खिडकीजवळ फिका नारिंगी दिसला. म्हणजे पीच भिंतींवर नारिंगी उजेड पडत होता. खोली अंगावर यायचं निम्मं कारण तिथेच सापडलं. तुमच्या खिडकीसमोर आंब्याचं किंवा अशोकाचं झाड असेल तर कागद हिरवट दिसेल, आणि मग हिरवी झाक असलेला पांढरा टाळावा लागेल.

तिसरी पायरी: जे बदलणार नाही, त्याची झाक ओळखा

फरशी कुणी सहज उखडत नाही. जुन्या घरांत शहाबादी किंवा मोझॅक असते, नव्या फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, ज्यांना दुकानदार आयव्हरी म्हणतो. पण आयव्हरीतही पिवळा, गुलाबी आणि करडा असे वेगवेगळे प्रकार असतात. पांढरा कागद फरशीवर ठेवला की झाक लगेच कळते. आपल्या खोलीतली टाइल गुलाबी झाकेची निघाली.

हे महत्त्वाचं का, तर शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना ढकलतात. गुलाबी झाकेच्या फरशीवर हिरवट करडी भिंत उभी केली, तर भिंत जास्त हिरवी आणि फरशी जास्त गुलाबी दिसते. खोलीत शांतपणा हवा असेल तर हे ढकलणं कमीत कमी ठेवायचं. शहाबादीचं तसं नाही. ती गडद असली तरी तिचा करडा तटस्थ असतो, त्यामुळे तिच्यासोबत उबदार पांढरा छान बसतो. ती बदलायच्या खर्चात पडू नका. खोली उंच वाटण्यात फरशीचा गडद-फिकेपणा फारसा भाग घेत नाही. हे मी पुढे छताच्या वेळी सांगतो.

चौथी पायरी: आधी दिवा ठरवा, मग रंग

आपल्याकडच्या बहुतेक घरांत ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची ट्यूब असते. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. दिवसा सुंदर दिसणारा क्रीम या ट्यूबखाली हिरवट, आजारी दिसतो, आणि लोक रंगाऱ्याला दोष देतात. बेडरूमसाठी ३००० ते ४००० केल्विन घ्या आणि रंगाचे नमुने त्याच दिव्याखाली तपासा. दिवा नंतर बदलायचा असं ठरवलंत, तर नमुने तपासण्याचा उपयोगच राहत नाही.

दिवा किती वॅटचा हवा यापेक्षा तो कुठे पडतो हे बघा. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्यूमेन उजेड देते आणि दहा बाय दहाला तेवढा पुरतो. पण तो एकाच भिंतीवरून आला तर समोरचे कोपरे काळोखे राहतात, आणि काळोखा कोपरा म्हणजे खोली तिथेच संपली असं डोळ्यांना वाटतं. त्याच खर्चात समोरासमोरच्या भिंतींवर दहा-दहा वॅटचे दोन दिवे लावले, आणि त्यांचा उजेड भिंतीवरून वर छताकडे गेला, तर कोपरे उघडतात. आपल्या खोलीत ४००० केल्विनचे दोन दिवे ठरले.

पाचवी पायरी: भिंत किती उजेड परत देते

आता शेड कार्ड उघडा, पण रंगाच्या नावाकडे बघू नका. चांगल्या कंपन्यांच्या कार्डावर किंवा वेबसाइटवर प्रत्येक शेडपुढे एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो. पडलेल्या उजेडापैकी साधारण किती टक्के ती भिंत परत फेकते, ते हा आकडा सांगतो. शुद्ध काळा शून्याजवळ, आणि बाजारातला स्वच्छ पांढरा ८५ ते ९०च्या घरात.

लहान खोलीत हा आकडा का मोठा ठरतो, ते हिशेबाने पाहा. खिडकीतून आलेला उजेड एकदाच आपटून थांबत नाही, तो भिंतीवरून भिंतीवर जात राहतो. जुना पीच साधारण ५५चा धरा. तीन आपटण्यांनंतर शंभरातला १७ उरतो. भिंत ७६ची केली तर तीन आपटण्यांनंतर ४४ उरतो. म्हणजे आकड्यात एकवीसचा फरक, पण खोलीच्या आतल्या कोपऱ्यात पोहोचणारा उजेड अडीचपट. प्रत्यक्षात दार, कपाट आणि फरशीही उजेड खातात, म्हणून नेमकं एवढंच होणार नाही, पण दिशा हीच राहते.

या आपटण्याचा दुसरा परिणाम कमी जणांच्या लक्षात येतो. रंगीत भिंतीवरून परतणारा उजेड प्रत्येक वेळी थोडा थोडा त्या रंगाचा होतो. त्यामुळे लहान खोलीत चारही भिंतींना फिका गुलाबी लावला की तो कार्डावरच्या गुलाबीपेक्षा बराच गडद दिसतो. कार्डावर जो रंग आवडला, त्याच पट्टीवरचा एक-दोन घरं फिका रंग लहान खोलीसाठी घ्यावा, असं मी म्हणतो ते यामुळेच.

मग सगळीकडे ९०चा पांढराच का नको? कारण ज्या खोलीत उजेडच तुटपुंजा आहे, तिथे पांढऱ्याला परत फेकायला काही नसतं आणि तो मळक्या करड्यासारखा दिसतो. रो-हाउसच्या मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत हे हमखास होतं. तिथे किंचित उबदार, ७०च्या आसपासची शेड आणि दिवसाही चालू ठेवायचा एक दिवा, हेच बरं. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत झगझगीत पांढरा डोळ्यांना टोचतो, तिथेही ७० ते ८०च्या मधलं काहीतरी घ्या.

सहावी पायरी: नमुना भिंतीवर नको, बोर्डावर

बऱ्याच ब्रँडचे २०० मिलीचे नमुना डबे मिळतात. रंगारी ते थेट जुन्या भिंतीवर फासतो, आणि मग मागचा पीच नव्या रंगाला बिघडवत राहतो. त्यापेक्षा दोन फुटी हार्डबोर्डचे किंवा जाड पांढऱ्या ड्रॉइंग शीटचे तुकडे घ्या, कडेला इंचभर पांढरं सोडून दोन कोट द्या आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकं आणि वाळल्यावर जरा गडद दिसतं, म्हणून ओल्यावर निर्णय घेऊ नका. वाळलेला बोर्ड खिडकीच्या भिंतीला, तिच्या समोरच्या भिंतीला, फरशीला टेकवून आणि रात्री दिव्याखाली, असा फिरवून पाहा.

आपल्या खोलीत तीन बोर्ड केले. पहिला उबदार क्रीम होता. खिडकीजवळ नेताच समोरच्या गेरू भिंतीच्या उजेडाने तो पुन्हा पीच झाला. दुसरा हिरवट करडा. त्याने नारिंगी उजेड छान मारला, पण फरशीला टेकवला तर टाइल डोळ्यांत भरण्याइतकी गुलाबी दिसायला लागली. तिसरा फिका, किंचित उबदार करडा-पांढरा, एलआरव्ही ७६. कार्डावर तो इतका नीरस होता की घरातल्या कुणाचंच लक्ष त्याच्याकडे गेलं नव्हतं. खोलीत मात्र खिडकीजवळ तो नुसता पांढरा दिसला, आतल्या कोपऱ्यात मऊ राहिला आणि फरशीशी भांडला नाही. तोच ठरला.

सातवी पायरी: डोळा कुठे अडतो?

खोली लहान वाटण्याचं मोठं कारण म्हणजे आपण स्वतःच काढून ठेवलेल्या रेघा. छताखालचा पट्टा, गडद चौकट, गडद लॉफ्ट, वेगळ्या रंगाचा पडदा. प्रत्येक रेघेवर नजर थांबते आणि भिंतीचे तुकडे होतात.

छतापासून सुरुवात करा. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, छत जितकं फिकं तितकी खोली उंच वाटली, आणि भिंती फिक्या केल्यावर त्यात आणखी भर पडली. फरशीच्या फिकेपणाचा उंचीच्या अंदाजावर तसा परिणाम दिसला नाही. म्हणून छत शुद्ध पांढरं आणि मॅट ठेवा. भिंतीचा रंग मधे पट्टा न घालता थेट छतापर्यंत न्या. आपल्या खोलीतला तपकिरी पट्टा घासून काढला तेव्हा साडेनऊ फुटांची भिंत पहिल्यांदा साडेनऊ फुटांची दिसली. पंखाही गडद तपकिरी होता, तो पांढरा घेतला.

लॉफ्टची दारं भिंतीच्याच शेडमध्ये करा. नवीन करत असाल तर त्या जवळचा मॅट सनमायका निवडा. जुना चकचकीत सनमायका तसाच ठेवायचा असेल तर त्यावर बारीक पॉलिश पेपर मारून, गुळगुळीत पृष्ठभागासाठी मिळणारा चिकट प्रायमर देऊन मगच रंग द्या. प्रायमर टाळला तर नखाने रंग निघतो. पडदा भिंतीपेक्षा एखादी छटाच गडद घ्या आणि रॉड खिडकीच्या चौकटीवर नको, छताच्या जवळ लावा.

एखादी गडद भिंत हवीच, असं अनेकांना वाटतं. चौकोनी लहान खोलीत माझं मत नाही असंच आहे, कारण गडद भिंत पुढे सरकल्यासारखी वाटते. पण खोली आठ बाय चौदाची, बोगद्यासारखी लांबट असेल, तर टोकाची अरुंद भिंत दोन-तीन छटा गडद केल्याने ती जवळ येते आणि खोलीचं प्रमाण सुधारतं. रो-हाउसच्या लांबट खोल्यांना हे चांगलं लागू पडतं. बाकी गडद रंगाची हौस चादरीवर, उशीवर, एखाद्या चौकटीवर भागवा. त्या बदलता येतात.

आठवी पायरी: चमक किती

“शाइनवाला घ्या, खोली मोठी दिसते,” हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. चमक उजेड परत फेकते हे खरं, पण आरशासारखी एका ठिकाणी. ट्यूबच्या समोर एक पांढरा झगझगीत पट्टा दिसतो आणि बाकी भिंत तशीच राहते. शिवाय भिंतीला लागून असलेल्या दिव्याचा तिरपा उजेड पुट्टीची प्रत्येक लाट दाखवतो. पुट्टी झाल्यावर, प्रायमरच्या आधी, रात्री खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा फिरवा. लाटा आणि खड्डे सावल्यांनी दिसतील. पेन्सिलने गोल करून रंगाऱ्याला तेवढेच पुन्हा घासायला सांगा. रंग झाल्यावर यातलं काही दुरुस्त होत नाही.

लहान बेडरूमच्या भिंतीला धुता येणारा मॅट इमल्शन सर्वात शांत. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, आणि स्विचबोर्डजवळ डाग पडून नंतर थोडा रंग लावला तरी तो ठिगळासारखा दिसत नाही. चमकदार रंगावर असं ठिगळ कायम दिसतं. साधा डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण ओल्या फडक्याने पुसला की हाताला येतो, म्हणून लहान मुलं असतील तर टाळा. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर बसतो, तिथे मात्र हलकी चमक असलेला सॅटिन घ्या, पुसायला सोपा जातो.

दारं-चौकटींना आपल्याकडे अजून पांढरा ऑइल पेंट लावतात. हा रंग उजेड कमी असलेल्या जागी, उदाहरणार्थ दाराच्या मागे, काही काळाने पिवळा पडतो आणि शेजारच्या नव्या पांढऱ्या भिंतीपुढे मळकट दिसतो. पाण्यात मिसळणारा सॅटिन इनॅमल घेतला तर हा त्रास बराच कमी होतो.

रंग किती आणायचा

भिंतींचा घेर ४० फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ३८० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की ३४३ उरतात. दोन कोटांना लिटरला ६० ते ७० चौरस फूट धरले तर साडेपाच लिटरच्या आसपास लागतो. डब्यावर छापलेला आकडा वेगळा असेल तर त्याने हिशेब करा. सगळा रंग एकाच वेळी टिंटिंग मशीनवरून करून घ्या, आणि दोन डबे असतील तर लावायच्या आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. दोन वेळा मिसळलेल्या रंगात बारीक फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

दुसरा कोट झाल्यावर खोली रिकामी असते, दिवे उघडे असतात, फरशीवर प्लास्टिक असतं. अशा वेळी रंग जवळजवळ प्रत्येकाला फिका किंवा भकास वाटतो. लगेच तिसरी शेड मागवू नका. पलंग, पडदा आणि दिवे जागेवर येऊ द्या आणि एक पूर्ण दिवस-रात्र पाहा. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकण लावून ठेवा, आणि शेडचा कोड, बेसचं नाव व तारीख लॉफ्टच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.